शेवटच्या हप्त्याचे सहा रुपये

मावशीचा शेवटचा हप्ता होता त्या दिवशी ती आमच्या आधी येऊन पायरीवर बसली होती. आमच्या पतसंस्थेची शिरूर शाखा दहाला उघडते. शिपायाने शटर वर ढकललं तेव्हा ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. अंगावर रविवारी चर्चला नेसायची पांढरी साडी होती, वार मात्र मंगळवार होता. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचा डबा.

"नानकटाई केलीय," ती म्हणाली. "आदी पैशाचं उरकू, मग समद्यांना देते."

मी तेव्हा त्या शाखेत कॅश काउंटरला होते. तिने काचेखालून नोटा सरकवल्या. पाचशेच्या नऊ, शंभराच्या चार, पन्नासची एक, विसाची एक, दहाची एक आणि वर दोन रुपयांचं नाणं. चार हजार नऊशे ब्याऐंशी. पस्तीस महिने ती हीच रक्कम आणत होती, पाच तारखेच्या आत, एकदाही उशीर नाही. मी नोटा न मोजता खाते क्रमांक टाकला आणि स्क्रीनकडे पाहिलं. येणे रक्कम, चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.

"मावशी, आणखी सहा रुपये लागतील," मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले. पुढं काय होणार याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

"कशाचे?"

"शेवटचा हप्ता थोडा वेगळा असतो."

तिने काचेच्या अलीकडं हात आणून नोटांवर ठेवला. "आसं कुठं ठरलं हुतं?"

मावशी माझी कोणी नात्याची नाही. मी केंदूरची. पाचवीनंतर वडिलांनी मला शिरूरला मिशनच्या जुन्या मुलींच्या वसतिगृहात ठेवलं, आणि तिथं ती स्वयंपाकाला होती. आम्ही सगळ्याच पोरी तिला मावशी म्हणायचो. दहावीपर्यंत मी तिच्या हातचं जेवले. मला कावीळ झाली होती त्या महिन्यात तिने माझ्यासाठी वेगळं, बिनतेलाचं रांधलं, आणि घरून कोणी येईपर्यंत रात्री माझ्या खाटेजवळ सतरंजी टाकून झोपली. पुढं वसतिगृह बंद पडलं, ती घरी बसली, थोडीशी पेन्शन आणि चपात्यांच्या ऑर्डरी यावर तिचं चालायचं. मुलगी आणि जावई अपघातात गेल्यावर नात तिच्याकडंच वाढली.

त्या नातीला नर्सिंगला घालायचं म्हणून तिने कर्ज मागितलं. दीड लाख, बारा टक्क्यांनी, छत्तीस महिने. खरं तर कर्ज काढायला ती तयारच नव्हती. तिच्या घरी, स्टुलावर बसून मी तिला तयार केलं होतं. तेव्हा तिने तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगितली होती. तो गवंडी होता. एका मुकादमाकडून त्याने उचल घेतली होती, लग्नासाठी. दोन वर्षं काम करून फेडली. शेवटच्या आठवड्यात मुकादमाने वही काढली आणि म्हणाला, आठ रुपये राहतात. कशाचे आठ ते कुणालाच कळलं नाही. हा मुकाट्याने पुन्हा कामावर गेला, कारण हिशेब मिटल्याशिवाय सोडायचं नाही अशी रीत होती. मग त्या आठाचे कसे कोण जाणे चाळीस झाले. अख्खा एक उन्हाळा त्याने फुकट विटा चढवल्या.

"त्यांचं शेवटाला कायतरी ऱ्हातंच," मावशी म्हणाली होती. "म्हणून मला कर्जाचं भ्या वाटतं."

आणि मी तिला म्हणाले होते, "मावशी, आमच्याकडं असं काही नाही. सगळं कॉम्प्युटरवर. दर महिन्याला चार हजार नऊशे ब्याऐंशी, छत्तीस वेळा. एक रुपया जास्त नाही, एक रुपया कमी नाही."

हे माझे शब्द. ते मी कुठल्या कागदावर लिहून दिले नव्हते, पण तिने त्याच शब्दांवर अंगठा दिल्यासारखी सही केली होती.

तर त्या मंगळवारी ती काउंटरवर उभी होती आणि तिचा हात नोटांवर होता. मागं दोन माणसं येऊन उभी राहिली. मी तिला आत बोलावलं, माझ्या टेबलाजवळ खुर्ची दिली आणि कागद घेतला. मला वाटलं, हे पाच मिनिटांचं काम आहे.

"हे बघा मावशी. शंभर रुपये तिघांत वाटायचे. किती येतील?"

"तेहतीस. वर एक उरतो."

"तो एक कुणाला तरी द्यावाच लागतो ना? म्हणजे तेहतीस, तेहतीस आणि चौतीस. तसंच हे. तुमच्या कर्जाचा हप्ता गणिताने नेमका येतो चार हजार नऊशे ब्याऐंशी रुपये आणि वर जवळजवळ पंधरा पैसे. आता पंधरा पैसे कुणी देत नाही, कुणी घेत नाही. म्हणून ते आम्ही सोडले, हप्ता पूर्ण रुपयात धरला. ते दर महिन्याचे राहिलेले पैसे शेवटी एकदम येतात."

ती ऐकत होती. वसतिगृहात साठ पोरींच्या डाळ-तांदळाचा हिशेब तिने तोंडी ठेवलेला होता. ती क्षणभर छताकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पंधरा पैसे छत्तीस येळा. पाच रुपये चाळीस पैसे. सहा कसे?"

तिचं बरोबर होतं, आणि माझंही बरोबर होतं.

"जे पंधरा पैसे त्या महिन्यात आले नाहीत ते मुद्दलात राहिले ना. मग त्यांच्यावर थोडं व्याज चढलं. शिवाय दर महिन्याचं व्याजही आम्ही पूर्ण रुपयात धरतो. कधी चार पैसे वर जातात, कधी खाली. ते सगळं मिळून सहा."

"व्याज बी संस्थेनंच धरायचं, पैसे बी संस्थेनंच सोडायचे, आन् पुन्हा त्याच्यावर व्याज बी संस्थेनंच लावायचं," ती शांतपणे म्हणाली. "मी म्हणले हुते का पंधरा पैसे सोडा म्हणून? मी दिले आस्ते."

मी स्क्रीन तिच्याकडं वळवली. "हे बघा. पस्तीस हप्ते झाल्यावर मुद्दल राहिलं चार हजार नऊशे एकोणचाळीस. त्यावर या महिन्याचं व्याज एकोणपन्नास. दोन्ही मिळून चार हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. हे भरले की खातं शून्य. शून्य व्हायलाच हवं ना? ब्याऐंशीच भरले तर सहा रुपये मुद्दल शिल्लक राहतं."

"ते मशिनीत संस्थेनंच लिहिलेलं हाय."

"तक्त्यात पहिल्या दिवसापासून आहे मावशी. तुम्हाला दिलेला होता ना हप्त्यांचा तक्ता?"

तिने पिशवीतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. दर महिन्याच्या ओळीसमोर तिने निळ्या पेनाने बरोबरची खूण केली होती. ओळी तीस होत्या. खाली पानाच्या कडेला तिने स्वतःच्या हाताने एकतीस, बत्तीस असे आकडे घालून पस्तीसपर्यंत खुणा केल्या होत्या. मी कर्जाची फाईल काढली. तक्त्याचं दुसरं पान तिथंच होतं, टाचणी लावलेलं, करकरीत. सहा ओळींचं पान. शेवटच्या ओळीत ४,९८८. ते मी तिला दिलंच नव्हतं. कर्ज वाटलं त्या दिवशी प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, दुसरं पान नंतर आलं, आणि मी ते फाईलला लावून टाकलं होतं.

मी ते तिच्यापुढं धरलं. "हे राहिलं माझ्याकडून. चूक माझी. पण आकडा बघा, तेव्हाचाच आहे."

तिने पानाकडं पाहिलंही नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं. "आज छापून काढलंस व्हय?" ती म्हणाली.

तेवढ्यात आमचे शाखाधिकारी उठून आले. माणूस वाईट नाही, पण काउंटरवरची रांग दारापर्यंत गेली होती. त्यांनी खिशातून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली. "आजी, सहा रुपयांसाठी कशाला डोकं लावता? हे घ्या, माझ्याकडून. मिटलं?"

मावशी उभी राहिली. "मी भीक मागाया आले न्हाई साहेब. माजे ठरले तेवढे घ्या आन् पावती द्या."

मी चार हजार नऊशे ब्याऐंशीची पावती केली. तिने ती चष्मा लावून वाचली, घडी घातली. दारापर्यंत गेली, परत वळली, टेबलावर राहिलेला डबा उचलला आणि पिशवीत टाकून निघून गेली.

त्या दिवशी मला खात्री होती की आठवडाभरात ती निवळेल. आणि नाही निवळली तर सहा रुपये माफ करून घेऊ, त्यात काय. शाखाधिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मला पाच पैसे सोडायचा अधिकार नाही. हेड ऑफिसला विचार."

हेड ऑफिस दौंडला. दुसऱ्या आठवड्यात तसंही मला तिकडं वह्या घेऊन जायचं होतं. न्हावरे, चौफुला, पाटस करत एसटी दौंडला पोचली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. हिशेब खात्याचे साहेब डबा खात होते. त्यांनी मला बसवलं, भाकरीचा तुकडा पुढं केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सहा रुपये," ते म्हणाले.

"हो सर."

"अगं, दहाच्या आतली शिल्लक आपोआप सोडायची सोय आहे सॉफ्टवेअरात. आपणच बंद करून ठेवलीय. लेखापरीक्षकांनी हरकत घेतली होती. कोणाचे नऊ सोडले, कोणाचे तीन सोडले, कुठल्या ठरावाने सोडले, दाखवा म्हणाले. आता सोडायचं म्हणजे संचालकांच्या सभेत विषय घ्यायचा."

"मग घ्या ना सर विषय."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "मी घेईन. पण खरं सांगू? सभेत कोणीतरी विचारणार, बाई भरू शकत नाही का? मी काय सांगू? भरू शकते, पण भरणार नाही म्हणते? मग ती थकबाकीदार झाली. थकबाकीदाराला माफी दिली की उद्या शंभर जण उभे राहतात."

"पण सर, हप्ता चार हजार नऊशे त्र्याऐंशी धरला असता तर?"

"तर दर महिन्याला पंच्याऐंशी पैसे जास्त गेले असते, आणि शेवटचा हप्ता छत्तीस-सदतीस रुपयांनी कमी आला असता. तसं झालं की माणूस खूश. कमी आला तर कोणी भांडायला येत नाही." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आपला नियम जवळच्या रुपयाचा. पन्नास पैशांच्या खाली असलं तर खाली, वर असलं तर वर. कोणाच्या वाट्याला चार रुपये कमी येतात, कोणाच्या सहा जास्त. फरक कुठंतरी निघणारच. मुद्दल शेवटी शून्यावर आणायचं तर शेवटच्याच हप्त्याला ते करावं लागतं. यात कोणी कोणाचं खाल्लं नाही."

"हे मला कळतं सर. तिला कसं कळवू?"

"ते तुझ्या-माझ्या हातात नाही," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. दोन्ही बाजूंनी ऊस आणि मधूनच एखादी कंपनीची बस. मला सारखं वाटत होतं की कुठंतरी एक वाक्य असेल, जे मी तिला बोलले तर तिला सगळं पटेल. ते वाक्य मी शिरूर येईपर्यंत शोधत राहिले.

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. दार उघडं होतं. ती चपात्या लाटत होती, कुठल्या तरी मेसची ऑर्डर असावी. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, पण लाटणं थांबवलं नाही.

"मावशी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुज्यावर हुता म्हणून तर कर्ज काडलं," ती म्हणाली. "सहा रुपये काय गं. सहा रुपयाला आता काडेपेटीचा पुडा बी येत न्हाई. पर तू म्हणालीस, एक रुपया जास्त न्हाई. मी रोज रात्री तेच म्हणून झोपायचे. ब्याऐंशी, छत्तीस येळा. आता तू म्हणतीस कागदात आदीपास्नं हुतं. म्हंजी तुला म्हाईत हुतं."

"मला माहीत होतं म्हणजे... मावशी, ते माझ्या लक्षातच आलं नाही. सगळ्यांचंच असं असतं, म्हणून कोणी बोलत नाही."

"समद्यांचं आसंच आसतं," ती म्हणाली, आणि तव्यावरची चपाती उलटली. "व्हय. मुकादम बी हेच म्हणायचा."

मी उठले. दुसरं पान माझ्या पर्समध्ये होतं. ते तिथं ठेवावं की परत न्यावं हे मला ठरवता येईना. शेवटी तसंच घेऊन परत आले.

पुढची गोष्ट मशीनने केली. हप्त्याची तारीख उलटून काही दिवस गेले की थकबाकीचा मेसेज आपोआप जातो, कर्जदाराला आणि दोन्ही जामीनदारांना. मी शाखाधिकाऱ्यांना विचारलं, हा एक थांबवता येईल का. ते म्हणाले, यादी दौंडवरूनच निघते, आपल्या हातात काही नाही. तिच्या जामीनदारांपैकी एक वसतिगृहाचा म्हातारा पहारेकरी होता, त्याचा फोन बंदच असायचा. दुसरा तिचा भाचा, दौंडला रेल्वेत. त्याला मेसेज गेला की आपण जामीन असलेले खाते थकबाकीत आहे. आकडाही होता, पण तो कोण वाचतो. त्याला स्वतःला घरासाठी कर्ज काढायचं होतं. तो सुट्टी टाकून तडक शिरूरला आला. आधी आमच्याकडं.

"किती आहेत?" त्याने काउंटरवर विचारलं.

"सहा," मी म्हणाले.

"हजार?"

"रुपये."

त्याने माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली. त्याने पाकिटात हात घातला, मग थांबला. "नको. तिलाच भरू द्या. मी विचारतो तिला." आणि तो गेला.

तिथं काय झालं ते मला नंतर नातीकडून कळलं. तो दारात उभं राहून मोठ्याने बोलला. आळीतले लोक बाहेर आले. "आत्या, सहा रुपयांपायी माझं नाव थकबाकीत लावलंस. सहा रुपये नव्हते तर फोन करायचा." तिने सांगायचा प्रयत्न केला की पैशाचं नाही, शब्दाचं आहे. तो म्हणाला, "शब्दाचं काय लोणचं घालायचं?" आणि न जेवता निघून गेला. आयुष्यात कधी उधार न ठेवलेली बाई त्या संध्याकाळी आळीच्या देखत सहा रुपयांची थकबाकीदार ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चलन भरलं. सहा रुपये. भरणाऱ्याच्या जागी तिचं नाव घालावं असं एकदा मनात आलं, पण तिच्या नावाने सही करायला हात धजला नाही. माझंच नाव घातलं. खातं शून्य झालं. मशीनने मेसेज पाठवला की आपले कर्ज खाते पूर्ण परतफेड होऊन बंद झाले आहे. मी मनाशी म्हणाले, आता ओरडेल, रागावेल, पण संपेल.

अकराला ती आली. रांगेत उभी राहिली. तिच्यापुढं चार जण होते, मी हाक मारली तरी पुढं आली नाही. नंबर आल्यावर तिने फोन काचेजवळ धरला.

"हे कुणी भरलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मी," म्हणाले.

"का?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून."

ती आवाज न चढवता म्हणाली, "ते सहा रुपये खरेच माज्याकडं निघत हुते, तर तू कशाला भरलेस? आन् निघत नव्हते, तर माज्या भाच्याला मेसेज कशाला धाडलास?"

मागं एक माणूस गॅसची पावती हातात घेऊन उभा होता, तो घड्याळाकडं बघत होता. दोन्ही प्रश्नांना खरी उत्तरं होती. पहिल्याचं उत्तर होतं, निघत होते, आणि तरी भरले, कारण तुमची ती अवस्था मला बघवेना. दुसऱ्याचं होतं, मी नाही धाडला, मशीनने धाडला. ही दोन उत्तरं मी तिला दिली असती तर तिला काय ऐकू आलं असतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मावशी, कर्ज फिटल्याचा, बेबाकीचा दाखला तयार आहे," मी एवढंच म्हणू शकले. "सही करून घेऊन जा. जामीनदारही मोकळे होतील."

"मी फेडलं न्हाई. तू फेडलंस. दाखला तुजाच हाय, तूच ठेव."

ती गेली. मी पुढच्या माणसाची पावती घेतली. शाखाधिकाऱ्यांनी नंतर चहा मागवला आणि म्हणाले, "काही माणसं अशीच असतात." मी त्यांना सांगितलं की ती अशी नाही. संचालकांच्या सभेत विषय आलाच नाही, कारण खातं बंद झालेलं होतं. दौंडच्या साहेबांनी फोन करून तसं कळवलं आणि म्हणाले, "सुटलीस." मी हो म्हणाले.

त्यानंतर मी कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले. तक्त्याची सगळी पानं समोर ठेवून, शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारून. हे बघा, शेवटचा हप्ता तीन रुपये कमी आहे. हा बघा, पाच रुपये जास्त आहे. लोक माना डोलावतात. "चालतंय ओ म्याडम," म्हणतात आणि सही कुठं करायची ते विचारतात. कोणी ऐकत नाही. एकदा एका बाईने मात्र नीट ऐकलं आणि संशयाने विचारलं, "का? आदी कुणाची भांडणं झालीत का?"

नात आली ती उन्हाळ्यात. तिचं नर्सिंग पुरं झालं होतं आणि दौंडला एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली होती. मावशीच्या भाच्याने, म्हणजे तिच्या मामाने, राग सोडून आजी-नातीला त्याच्याच आळीत खोली बघून दिली होती, कारण रात्रपाळीची पोरगी एकटी राहू नये. सामान हलवायच्या आधी जुनी कागदपत्रं गोळा करत होती.

"ताई, तो दाखला मला द्याल का? मामाला त्याच्या कर्जासाठी लागतोय," ती म्हणाली.

कर्जदाराची सही लागते, असा नियम होता. शाखाधिकाऱ्यांनी तिच्या आजीची चिठ्ठी मागितली. पोरीने पिशवीतून कागद काढला. 'माझ्या नातीकडे द्यावा,' एवढंच, खाली सही. माझ्या नावाने काही नव्हतं.

मी तिला दाखला दिला आणि फाईलमधून ते दुसरं पानही काढलं. तिने ते घेतलं, तिथंच उभ्या उभ्या फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. दीड लाखाला एक टक्का, पंधराशे. ब्याऐंशीतून वजा, मुद्दल कमी. पुन्हा टक्का. दोन्ही पानं शेजारी ठेवून ती एकेक ओळ उतरत गेली. मी काउंटर सांभाळत अधूनमधून तिच्याकडं बघत होते. बराच वेळ लागला. शेवटच्या ओळीला आली तेव्हा तिने दोनदा बटणं दाबून पाहिलं.

"बरोबर आहे ताई," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशीच येतात."

माझे डोळे भरून आले. "मग आजीला सांगशील?"

ती कागद घडी घालत होती. तिने नकारार्थी मान हलवली. "नको. तुम्ही मलाही वळवलंत असं वाटेल तिला. मग ती माझ्याशी पण..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

पावसाळा संपता संपता मी पुन्हा हेड ऑफिसच्या कामाला दौंडला गेले होते. काम लवकर झालं. नातीने पत्ता दिला होता. स्टेशनच्या पलीकडं, रेल्वेच्या क्वार्टर्सच्या मागची आळी. बराच वेळ मी कोपऱ्यावरच्या दुकानात उभी राहून बिस्किटांचे पुडे बघत होते. मग गेले.

मावशी दारात बसून मेथी निवडत होती. वजन उतरलं होतं तिचं. मला पाहून उठली, पदर सारखा केला, आतून खुर्ची आणली. चहा टाकला. चहात आलं घातलं होतं. मी माझ्या आईची तब्येत सांगितली, तिने नातीच्या पाळ्यांचं सांगितलं, डेमू गाडीच्या वेळा सांगितल्या, इथलं पाणी जड आहे म्हणाली. रागाचा एक शब्द नाही. भाच्याचं घर झालं का विचारलं तर म्हणाली, व्हय, पाया झाला.

मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मावशी, त्या सहा रुपयांचं..."

"ते झालं की मिटून," ती लगेच म्हणाली. "तुमी भरलेत. उपकार हायेत तुमचे."

तुमी. वसतिगृहातल्या पहिल्या दिवसापासून तिने मला कधी तू सोडून काही म्हटलं नव्हतं. कर्जाच्या काळात नाही, भांडणातही नाही. मला वाटलं चुकून निघालं असेल. मी निघताना ती पायरीपर्यंत आली.

"शिरूरची गाडी कितीला हाय तुमची?" तिने विचारलं.

"साडेपाचला," मी म्हणाले.

"मग निघा. रिक्षा लवकर मिळत न्हाई इथं."